मेणाचा ओटा

मॉड्युलर किचनची थ्रीडी चित्रं करताना माझी बराच काळ एक ठाम समजूत होती: वस्तूचा चांगला फोटो मिळाला की वस्तू झाली. अक्रोडाच्या विनियरचा फोटो शटरवर, संगमरवराचा ओट्यावर, स्टीलचा फ्रिजवर चिकटवायचा आणि रेंडरला लावायचं. चित्र सुबक यायचं, पण घरमालक बघून विचारायचे, "हे प्लास्टिकचं का वाटतंय?" मी दिवे वाढवायचो.

पुण्यातल्या एका किचनमध्ये हे सगळं अंगाशी आलं. यादी साधी होती. ब्रश्ड स्टीलचा फ्रिज आणि चिमणी, अक्रोड विनियरची शटर, पांढऱ्या संगमरवराचा ओटा, खिडकीला लिननचा पडदा.

सुरुवात स्टीलपासून. ब्लेंडरमध्ये मी `Metallic` 0.5 ठेवलं, कारण ब्रश्ड स्टील आरशासारखं चमकत नाही, म्हणजे ते "अर्धंच धातू" असावं. भौतिकशास्त्रात असं अर्धं काही नसतं. धातूचं दिसणं म्हणजे सगळं परावर्तनच. लाकूड, दगड, कापड समोरून पाहिलं तर पृष्ठभागावरून जेमतेम चार टक्के प्रकाश परत फेकतात, बाकीचा आत शिरून रंग घेऊन बाहेर येतो. म्हणून स्टीलला `Metallic` 1, आणि चमक कमी करायची ती `Roughness`ने, साधारण 0.3.

एवढं करूनही फ्रिज वाळूने घासल्यासारखा दिसत होता. ब्रश्ड स्टीलवरचे ओरखडे एकाच दिशेने जातात. प्रत्येक ओरखडा ही एक बारीक खाच. खाचेच्या लांबीत प्रकाश फारसा पसरत नाही, आडव्या बाजूने मात्र भरपूर पसरतो. त्यामुळे रेषा आडव्या असतील तर खिडकीचा उजेड उभ्या पट्ट्यासारखा ताणला जातो. घरात गोल घासलेल्या तळाचं स्टीलचं पातेलं असेल तर दिव्याखाली उलटं धरून बघा: मध्यातून पंख्यासारखे दोन उजळ पट्टे निघतात आणि पातेलं फिरवलं तरी जागचे हलत नाहीत. ब्लेंडरमध्ये हे काम `Anisotropic`चं. मी 0.7 दिलं, पण चिमणीवर पट्टा रेषांच्याच दिशेने पडला. `Anisotropic Rotation` 0.25, म्हणजे नव्वद अंश, केल्यावर तो सरळ झाला. फ्रिजवर आकडा तोच दिला आणि चित्र पुन्हा बिघडलं, कारण फ्रिजच्या दाराचा यूव्ही आडवा उलगडलेला होता. दिशा प्रत्येक भागाची वेगळी तपासावी लागते.

अक्रोडाची चूक जास्त लाजिरवाणी. विनियरला मॅट पॉलिश होतं, पण चित्रात शटर ओली दिसत होती. मी खिडकीचा उजेड कमी केला. शटर सुधारली आणि पडदा मळकट झाला. पडदा उजळवला, तर ओटा पांढराफटक. दिवसभर दिव्यांशी झगडलो, आणि दोष होता खडबडीतपणाच्या नकाशात. ती करड्या छटांची फाइल म्हणजे आकड्यांचा तक्ता असतो. मी ती रंगीत फोटो म्हणून `sRGB`मध्ये ठेवली होती. मग 0.5 चा करडा 0.21 म्हणून वाचला जातो, म्हणजे दुपटीहून जास्त गुळगुळीत. `Non-Color` निवडलं आणि दिवे होते तिथे परत नेले. तेव्हापासून सगळंच ओलं दिसलं तर आधी हे सेटिंग बघतो, दिव्याला हात नंतर.

ओटा मात्र मेणाचा झाला होता. संगमरवरात प्रकाश थोडा आत शिरतो हे वाचून मी `Subsurface` चालू केलं आणि बाकीचे आकडे तसेच ठेवले. ब्लेंडर 4 मध्ये मूळ `Scale` 0.05 मीटर असतो, म्हणजे पाच सेंटिमीटर. वीस मिलिमीटरच्या दगडातून उजेड आरपार! शिवाय मूळ `Radius`मध्ये लाल रंग सर्वांत खोल जातो, जे त्वचेला शोभतं. माझ्या ओट्याच्या कडा गुलाबी पडल्या. तिन्ही रंगांचे आकडे जवळपास सारखे केले, खोली दोन-तीन मिलिमीटरवर आणली. पांढराही 1.0 वरून 0.8 ला उतरवला. पूर्ण पांढरा पृष्ठभाग सगळा उजेड परत फेकतो आणि ओट्याखालच्या कोपऱ्यांतली सावली पुसून टाकतो. कडांना मिलिमीटरभर गोलाई दिल्यावर त्यावर उजेडाची रेघ आली.

लिननला फार त्रास झाला नाही. फक्त मूळ फोटोतच चुण्यांच्या सावल्या होत्या, त्या माझ्या पडद्याच्या चुण्यांशी जुळेनात. सपाट स्कॅन घेतला आणि मागून येणारा उजेड थोडा गाळून आत येऊ दिला.

यादी पाठवणाऱ्या इंटिरियर डिझायनरांना एक विनंती. नुसतं "ब्रश्ड स्टील, वॉलनट, मार्बल, लिनन" लिहू नका. स्टीलच्या रेषा आडव्या की उभ्या, विनियरचं पॉलिश मॅट की ग्लॉस आणि रेषा शटरवर कोणत्या दिशेने, दगड किती जाड आणि चकचकीत की मंद, पडद्याला अस्तर आहे की नाही, एवढं लिहा. आणि फोटो पाठवाल तेव्हा शेजारी पट्टी ठेवून काढा.