साठाव्या दिवसाचं पत्र

थकलेल्या बिलाची आठवण करून देणारी जी पत्रं निष्फळ ठरतात, त्यांतली बहुतेक वाचायला गोडच असतात. 'आपल्यासारख्या जुन्या ग्राहकाला आठवण करून द्यावी लागते याचा संकोच वाटतो, नजरचुकीनं राहिलं असेल, शक्य तितक्या लवकर रक्कम पाठवून सहकार्य करावं.' यात खटकण्यासारखं काही नाही, आणि हाच त्याचा दोष. वाचणाऱ्यानं आज नेमकं काय करायचं ते यात कुठेच सांगितलेलं नाही. 'शक्य तितक्या लवकर' ही कॅलेंडरवर न सापडणारी तारीख आहे. 'नजरचुकीनं' हा शब्द मुदत उलटल्यावर आठवड्याभरात गेलेल्या पहिल्या स्मरणपत्रात शोभतो. साठ दिवसांनंतर, मधे एकदोन आठवणी आणि फोन होऊन गेल्यावर, त्यावर दोन्ही बाजूंपैकी कुणाचाच विश्वास नसतो. माझं म्हणणं असं आहे की साठाव्या दिवसाच्या पत्राचं काम पैसे मागण्याइतकंच उत्तर मागण्याचं आहे. पैसे द्या, हरकत सांगा, नाहीतर हप्ते मागा. यातलं काहीही चालेल, फक्त गप्प राहता येणार नाही, अशी त्याची रचना हवी. पत्राचा ठामपणा त्या रचनेत असतो, कडक विशेषणांत नसतो.

एक उदाहरण धरून चालू. समजा भोसरीतला एक लहान कारखाना चाकणच्या एका पंप कंपनीला बारा वर्षं बुश पुरवतो. बिल क्रमांक २१४, तारीख ८ जुलै, मालाची किंमत १,५७,५०० रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी, एकूण १,८५,८५० रुपये. पर्चेस ऑर्डरवर उधारी तीस दिवसांची, म्हणजे देय तारीख ७ ऑगस्ट. ६ ऑक्टोबरला तिला साठ दिवस होतात. पत्र लिहायला बसण्याआधी खतावणी उघडायची आणि पाहायचं की याच ग्राहकाची नंतरची बिलं आली का. समजा २३१ आणि २४६ ही बिलं सप्टेंबरमध्ये वेळेवर चुकती झाली आहेत. मग चित्र बदलतं. ज्याच्याकडे पैसेच नाहीत तो नवी बिलं भरून जुनं मागे ठेवत नाही. अशा वेळी बिल बहुधा कागदात अडकलेलं असतं: स्टोअरनं माल आल्याची नोंद केली नाही, बिलावर ऑर्डर नंबर चुकला, किंवा पाच-सात नग नापास झाले आणि त्याची डेबिट नोट कुणी काढलीच नाही. उलट सगळीच बिलं मागे सरकत असतील, रकमा बिल नंबर न देता तुकड्यातुकड्यांनी 'ऑन अकाउंट' येत असतील, तर अडचण पैशाचीच आहे आणि पत्राचा रोख वेगळा ठेवावा लागेल. अशी मोघम आलेली एखादी रक्कम आपणच दुसऱ्या बिलाला लावली नाही ना, हेही तेव्हाच पाहून घ्यावं. चुकीच्या आकड्यावर ठाम राहणं महागात पडतं.

पत्र वाचणार कोण, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. बारा वर्षांचा संबंध मालकाशी किंवा पर्चेसच्या साहेबांशी असतो. पैसे सोडतो तो अकाउंट्समधला माणूस, ज्यानं आपल्याला कदाचित कधी पाहिलेलंही नसतं. त्याला ऋणानुबंधाची आठवण उपयोगाची नाही. त्याला बिल नंबर, ऑर्डर नंबर आणि चलनाची प्रत लागते. म्हणून पत्र अकाउंट्सच्या नावे जावं, प्रत पर्चेसच्या साहेबांना जावी, आणि त्याच सकाळी साहेबांना एक फोन व्हावा: 'साहेब, आज तुमच्या अकाउंट्सला २१४ नंबरच्या बिलाचं पत्र पाठवतोय, तुमच्या कानावर घालून ठेवतो.' आपुलकी या फोनमध्ये पुरेपूर असावी. ती पत्रात ओतली की हिशेबाची वाक्यं सैल पडतात.

आता प्रत्यक्ष पत्र. विषयाच्या ओळीतच सगळं असावं: 'बिल क्र. २१४, दि. ८ जुलै, रु. १,८५,८५०, देय दि. ७ ऑगस्ट'. पुढे मजकूर असा: 'सप्रेम नमस्कार. वरील बिलाची रक्कम ७ ऑगस्टला देय होती. आज त्याला साठ दिवस झाले. माल ९ जुलैला आपल्या स्टोअरला पोचला, सही-शिक्क्याचं चलन आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे. यानंतरची २३१ व २४६ ही बिलं आपल्याकडून वेळेवर चुकती झाली आहेत, त्यामुळे हेच बिल कुठे अडकलं आहे ते पाहावं. रक्कम १५ ऑक्टोबरपर्यंत आमच्या खात्यात जमा करावी, ही विनंती. मालाबद्दल किंवा कागदपत्रांबद्दल काही हरकत असल्यास १० ऑक्टोबरपर्यंत लेखी कळवावी; तेवढा भाग वेगळा ठेवून बाकी रक्कम सोडता येईल. सध्याच्या ऑर्डरचा माल ठरल्याप्रमाणे १२ तारखेला पोचेल. १५ तारखेपर्यंत रक्कम किंवा उत्तर न आल्यास त्यापुढच्या ऑर्डरी आम्ही आगाऊ रकमेवर घेऊ. कळावे.' एवढंच. यात एकही आरोप नाही, तरी पळवाटही उरलेली नाही. नंतरची बिलं वेळेवर आल्याचा उल्लेख समोरच्याचा मान राखतो आणि त्याच वाक्यात 'सध्या पैसे नाहीत' हे कारण बाद करतो. हरकतीसाठी दिलेली वेगळी तारीख हे सौजन्यच आहे, कारण ती समोरच्याची बाजू असू शकते हे मान्य करते. ती उलटून गेली तर मालाबद्दलची कुरकुर महिन्याभरानं नव्यानं उगवणंही अवघड होतं.

या मजकुरात मुद्दाम न घातलेली एक गोष्ट आहे: आपली अडचण. दिवाळी तोंडावर आहे, कामगारांचा बोनस द्यायचा आहे, बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा संपत आली आहे, हे सगळं खरं असू शकतं, आणि लिहिण्याचा मोहही होतो. पण अडचण सांगितली की येणं हक्काचं राहत नाही, मेहेरबानीचं होतं. शिवाय समोरच्यालाही दिवाळी असतेच; मग दोन अडचणींची तुलना सुरू होते आणि तिचा निवाडा पैसे ज्याच्या हातात आहेत तोच करतो. मुदत उलटली आहे एवढं एकच कारण पत्राला पुरतं.

यावर पहिला आक्षेप असा की इतक्या जुन्या माणसाला पत्र कशाला, फोनवर काम होतं. पहिल्या महिन्यात होतंही. पण 'पुढच्या आठवड्यात बघतो' हे फोनवरचं वाक्य अकाउंट्सच्या फाइलमध्ये जात नाही, आणि माणूस बदलला की त्याच्याबरोबर तेही जातं. कायद्याची बाजूही आहे. मालाच्या किमतीसाठी दावा करायची मुदत साधारण तीन वर्षांची, आणि आपण कितीही आठवणी पाठवल्या तरी ती थांबत नाही. ती नव्यानं मोजली जाते ती समोरच्यानं मुदतीच्या आत सहीनिशी लेखी कबुली दिली तर, किंवा काही रक्कम भरून तशी लेखी नोंद दिली तर. म्हणूनच उत्तराची मागणी मी पैशाच्या मागणीइतकी मोठी मानतो. 'रक्कम देय आहे, नोव्हेंबरमध्ये दोन हप्त्यांत देऊ' असं सहीचं उत्तर हातात एक रुपया न आणताही बरंच काही देतं.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: हे पत्र फार मऊ आहे, कायदा दाखवा. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास कायदा २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला ठरलेल्या तारखेला पैसे मिळायला हवेत, आणि ती तारीख माल स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांपलीकडे ठरवता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर आपल्या बिलावर दोन महिन्यांचं व्याज पाच हजारांच्या थोडं वर जातं. दार खरं आहे, पण ते केव्हा ठोठवायचं हेही कळायला हवं. आयकर कायद्यात आलेलं कलम ४३बी(एच) अनेकजण ऑक्टोबरमध्येच दाखवतात. पण उशिरा का होईना, रक्कम त्याच आर्थिक वर्षात चुकती झाली तर खरेदीदाराची वजावट जात नाही. ती धमकी मार्चमध्ये चावते, ऑक्टोबरमध्ये तिला दात नसतात. जीएसटीचंही तसंच: बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं, इथे २८,३५० रुपयांचं. ८ जुलैच्या बिलाला ते १८० दिवस ४ जानेवारीला भरतात. ६ ऑक्टोबरला त्यातले निम्मेच झालेले असतात. पोकळ धमकी अकाउंट्सवाल्याला लगेच कळते, आणि मग पत्रातला खरा आकडाही तो हलका धरतो. बिलाच्या तळाशी उद्यम नोंदणी क्रमांक छापलेला असला की कायद्याचा उल्लेख सध्या तेवढा पुरे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: माल थांबवा, पैसे आपोआप येतील. येतीलही. पण कबूल केलेल्या ऑर्डरचा माल अडवला तर समोरच्याच्या हाती तक्रार येते, त्याची लाइन थांबल्याचा खर्च तो आपल्याच बिलातून कापू पाहतो, आणि साठ दिवस त्याच्याकडे असलेली चूक एका दिवसात आपल्याकडे येते. म्हणून हातातली ऑर्डर पुरी करायची आणि अट फक्त पुढच्या ऑर्डरला लावायची. ही अट आपल्याच हातात असते, त्यासाठी वकील लागत नाही. मात्र १६ तारखेला ती खरोखर पाळायची तयारी नसेल, कारण निम्मा धंदा याच ग्राहकावर चालतो, तर ते वाक्य लिहूच नये. त्याऐवजी '१६ तारखेला आम्ही स्वतः कार्यालयात येऊ' असं लिहावं, आणि जावं. पाळता येईल असं लहान पाऊल न पाळलेल्या मोठ्या पावलापेक्षा जास्त वजनदार असतं.

या पत्राची मर्यादा उघड आहे: ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याकडे ते पत्रानं येणार नाहीत. पण दोन्ही कागद जोडलेले असताना पुन्हा 'बिलाची प्रत पाठवा' असं उत्तर आलं, किंवा माल येऊन तीन महिने झाल्यावर पहिल्यांदाच दर्जाची तक्रार निघाली, तर वेळ काढणं चाललं आहे एवढं नक्की कळतं. त्या कायद्यानुसार मालाबद्दलची लेखी हरकत माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत यावी लागते. तशी आली नसेल तर माल पोचला तोच दिवस स्वीकाराचा धरला जातो. तोपर्यंत हातात तारखांचा अखंड धागा आलेला असतो: बिल, चलन, पत्र, न आलेलं उत्तर. त्यानंतरचं पत्र फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाणाऱ्या अर्जाचं असेल आणि त्यात व्याजाचा आकडा असेल. ते लिहिताना या पत्रातलं एकही वाक्य मागे घ्यावं लागलं नाही, तर साठाव्या दिवसाचं पत्र नीट लिहिलं होतं असं समजावं.