भिंतीवरचा उतावळा

आमच्या दूध संघाच्या वाहतूक विभागात दाराशेजारच्या भिंतीवर एक डॅशबोर्ड आहे. नवा होता तेव्हा त्याला क्षणाची उसंत नसे. दर ३० सेकंदांनी तो अंग झटकायचा, त्याचे बाराही कप्पे कोरे व्हायचे आणि पुन्हा भरायचे. खाली कोपऱ्यात ताजी वेळ उमटायची. ती बघितली की सगळं आत्ताचंच आहे असा विश्वास बसायचा. त्याला तशी सवय संगणक विभागातल्या आम्हीच लावली होती.

त्याचा स्वभाव मला कळला तो एका सकाळी. सव्वाआठ वाजता संकलनाचा कप्पा लालभडक झाला. आकडा होता ६१ हजार लिटर, आणि शेजारी कालच्या सकाळचा ९४ हजार. पस्तीस टक्के घट! वाहतुकीतल्या काकांनी घाईने शहराकडे जाणारा एक टँकर थांबवला. दहा वाजता तोच कप्पा ९२ हजार सांगत होता. दूध कुठेच कमी झालं नव्हतं. आमच्याकडे १८० गावच्या संस्था दूध घालतात. सकाळचं संकलन आटोपलं, फॅट-एसएनएफ लागलं, की त्यांची नोंद येते. जिथे नेटवर्क नाही तिथली तासाभराने. सव्वाआठला फक्त ११८ संस्थांची नोंद पोहोचली होती. डॅशबोर्डने अर्ध्या सकाळची तुलना कालच्या अख्ख्या सकाळशी केली होती.

मग आठवडाभर मी त्याच्यावर पाळत ठेवली. पडद्यावरची वेळ बाजूला ठेवून थेट डेटाबेसला विचारत राहिलो, की शेवटची नोंद नक्की कधी आली:

```sql
SELECT MAX(received_at) FROM collection;
```

हे उत्तर दर मिनिटाला टिपून ठेवलं. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी तेवढाच वेळ ते बदलत होतं. उरलेले अठरा तास ढिम्म. म्हणजे कोपऱ्यातली वेळ त्याच्या अंग झटकण्याची होती, दुधाची नव्हती.

त्याच्या लगबगीची किंमतही तेव्हाच हाती लागली. बारा कप्पे मिनिटाला दोनदा भरायचे म्हणजे चोवीस प्रश्न. कार्यालयात असे नऊ पडदे उघडे असत, म्हणजे मिनिटाला २१६ प्रश्न, आणि तेही ज्या डेटाबेसमध्ये संस्थांच्या नोंदी उतरतात त्यालाच. नोंदी रखडायच्या त्या नेमक्या सकाळच्या गर्दीत. ज्या आकड्याची त्याला एवढी घाई, तो त्याच्याच घाईमुळे उशिरा येत होता.

मी काकांना विचारलं, “हा आकडा बघून तुम्ही नेमकं काय ठरवता, आणि किती वाजता?” ते म्हणाले, “अरे, साडेदहाला. संध्याकाळचे टँकर आणि पावडरीला किती दूध लावायचं, एवढंच. त्याआधी नुसतं बघतो आणि जीव खाली-वर होतो.” या उत्तरावरून आम्ही त्याच्या कप्प्यांना वेगवेगळी चाल दिली.

संकलनाचा कप्पा आता सात ते दहा दर पंधरा मिनिटांनी बदलतो, सव्वादहाला सकाळचा शेवटचा आकडा दाखवतो आणि संध्याकाळपर्यंत थांबतो. आकड्यासोबत ‘१८० पैकी ११८’ असं लिहिलेलं असतं, आणि कालची तुलना फक्त त्याच ११८ संस्थांच्या कालच्या दुधाशी होते. दूध बिलाचा कप्पा रात्री एकदाच. बिल दहा दिवसांचं. दिवसातून दोनदा त्याकडे बघून कुणी काही वेगळं करत नाही.

शीतकरण टाकीचा कप्पा मात्र वेगळ्या जातीचा. दूध चार अंशांपर्यंत थंड राहायला हवं. वीज गेली किंवा कॉम्प्रेसर बंद पडला तर जनरेटर लावायला माणूस धावला पाहिजे. इथे पंधरा मिनिटंही मला जास्त वाटतात. पण टाकीवरचा सेन्सरच पाच मिनिटांनी एकदा तापमान पाठवतो. आधी दहापैकी नऊ वेळा तोच आकडा नव्याने रंगवला जायचा. म्हणून हा कप्पा पाच मिनिटांवर ठेवला. रात्री दोनला भिंतीकडे बघायला कुणी नसतं, तेव्हा धोक्याची खूण थेट टाकीवरच्या माणसाच्या फोनवर जाते. तीही एका वाढीव आकड्यावर नाही, कारण कोमट दूध ओतलं की तापमान चढतंच. ओतणं थांबूनही ते उतरत नसेल, तरच फोन वाजतो. डॅशबोर्ड कितीही जलद केला तरी हे काम त्याच्याकडून झालं नसतं.

कोपऱ्यातली वेळही बदलली. आता प्रत्येक कप्प्याखाली शेवटची नोंद कधीची ते लिहिलेलं असतं. एखादी नोंद ठरल्यापेक्षा फार जुनी झाली तर आकडा करडा पडतो. सर्व्हरशी जोडणी तुटली की हे लगेच दिसतं. पूर्वी तो जुनाच आकडा ताज्या वेळेसह मिरवायचा.

पहिले काही दिवस लोक येऊन विचारत, “पडदा बंद आहे का?” आता विचारत नाहीत. सव्वादहाला काका चष्मा लावून समोर उभे राहतात, ‘१८० पैकी १७७’ वाचतात, न आलेल्या तीन गावांची नावं बघतात आणि त्यातल्या पहिल्या गावच्या सचिवांना फोन लावतात.