चिपीच्या सड्यावरून घरी

मुंबईहून निघालेलं विमान सव्वा-दीड तासात खाली यायला लागायचं, तेव्हा खिडकीतून कर्ली नदीचं मुख दिसायचं. पलीकडे देवबागची वाळूची लांब पट्टी, अलीकडे भोगव्याचा किनारा. मालवण हाकेच्या अंतरावर आहे असं वाटायचं. पण मध्ये नदी आहे. रस्त्याने जाणाऱ्याला आत वळून नेरूरपारच्या पुलावरून ती ओलांडावी लागते. सिंधुदुर्गचा विमानतळ चिपी-परुळ्याच्या सड्यावर आहे. कुडाळ तिथून साधारण पंचवीस किलोमीटर, सावंतवाडी त्याहूनही बरीच लांब. घरी पोचण्याचा खरा प्रश्न विमानाचं दार उघडल्यावरच सुरू होतो.

तो इथे इतका अवघड का, याचं उत्तर मला सड्यातच सापडलं. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. वर माती जेमतेम, पावसाळ्यात गवत, एरवी काळा कातळ. भातशेती, माडा-पोफळीच्या बागा, विहिरी, देवळं सगळं खालच्या अंगाला, पाण्याच्या कडेने. अडीच किलोमीटरची धावपट्टी सपाट आणि मोकळी हवी, म्हणून सडा सोयीचा. पण जिथे वस्ती नाही तिथे एसटीला थांबा नाही आणि रिक्षावाल्याला दिवसभर उभं राहण्याचं कारण नाही. ज्या मोकळेपणामुळे विमानाला तिथे उतरता आलं, त्याच मोकळेपणामुळे उतरलेल्या माणसाला वाहन मिळत नाही.

९ ऑक्टोबर २०२१ रोजी इथे प्रवासी सेवा सुरू झाली, केंद्राच्या उडान योजनेखाली. सत्तरेक जागांचं पंख्याचं विमान मुंबईहून यायचं आणि थोड्या वेळाने परत जायचं. कुडाळ स्टेशनाशी याची तुलना करून पाहा. तिथे दिवसरात्र गाड्या येतात. एक भाडं हुकलं तरी रिक्षावाला पुढच्या गाडीची वाट पाहतो. विमानतळावर पुढची गाडीच नसते. समजा साठ माणसं उतरली. त्यांतल्या बहुतेकांना न्यायला घरची गाडी किंवा हॉटेलची गाडी आलेली असते. उरतात सात-आठजण, तेही वेगवेगळ्या दिशांचे: कुणी वेंगुर्ल्याचा, कुणी मालवणचा, कुणी कणकवलीचा. एवढ्यावर गाड्यांचा स्टँड उभा राहत नाही.

त्या काळात मला नेहमी नेणारे चालक परुळ्याजवळच्याच वाडीतले होते. पहिल्यांदा भाडं ऐकून मी थबकलो होतो. त्यांनी शांतपणे हिशेब सांगितला. तुम्हाला कुडाळला सोडायचं आणि गाडी रिकामी परत आणायची. म्हणजे पन्नास किलोमीटरचं डिझेल आणि पंचवीस किलोमीटरचं भाडं. वर विमान येण्याची खात्री नाही. जून ते सप्टेंबर सड्यावर ढग उतरले की धावपट्टी वरून दिसत नाही, विमान घिरट्या घालून परत फिरतं, किंवा मुंबईहून निघतच नाही. "तुमका विमान कंपनी पैसे परत देता. माका कोण देतलो?" असं त्यांनी विचारलं, आणि मला त्या भाड्यात काही वावगं वाटेनासं झालं. येण्याजाण्याचे दोन्ही पैसे मागणाऱ्याला लुबाडणारा म्हणणं सोपं आहे. पण रिकाम्या फेरीचा भार कुणी तरी उचलावाच लागतो, आणि आजवर तो एकट्या चालकावर टाकला गेला आहे.

त्यांच्याकडूनच मी ठरवून येण्याची पद्धत शिकलो. गाडी आदल्या दिवशी सांगायची, आणि शक्यतो परुळे-पाटच्या बाजूच्या माणसाला. तो घरीच असतो, विमान रद्द झालं तर त्याचं फारसं जात नाही. मुंबईला विमानात बसून दारं बंद झाली की त्याला निरोप धाडायचा. कुडाळहून येणाऱ्याला पाऊण तास लागतो, म्हणजे तो निरोप मिळाल्यावर निघाला तरी वेळेत पोचतो. निरोप आला नाही तर तो घरून हलतच नाही. एवढ्याशा शिस्तीने रिकामी फेरी बहुतेक वेळा टळते, आणि भाड्याचं बोलणंही सोपं होतं.

जातानाचा हिशेब उलटा. विमानाच्या वेळेच्या तासभर आधी सामान देण्याची खिडकी बंद होते, म्हणून कुडाळहून दोन-अडीच तास राखून निघायचं. गाडी लगेच सोडायची नाही. विमान धावपट्टीवर उतरेपर्यंत चालकाला थांबवायचं, थांबण्याचे पैसे वेगळे द्यायचे. विमान आलंच नाही तर त्या ओसाड सड्यावर दुसरी गाडी शोधण्यात तास जातात, आणि तोवर कुडाळहून रात्रीच्या कोकणकन्येत बसण्याची उरलीसुरली संधीही हातची जाते.

एसटीचं काय? कुडाळ स्टँडवर चिपीची गाडी विचारू नये, परुळ्याची विचारावी. पिंगुळी, पाट करत ती परुळे बाजारात येते. तिथून विमानतळ काही किलोमीटर, सामान घेऊन चालण्याजोगे नाहीत. अडचण फेऱ्या कमी असण्याइतकीच त्यांच्या दिशेची आहे. वस्तीची गाडी पहाटे गावातून निघते, शाळेची आणि बाजारची माणसं शहराकडे नेते, संध्याकाळी परत आणते. ही वेळ गावाने पिढ्यान्‌पिढ्या घालून दिली आहे आणि ती बरोबरच आहे. दुपारी विमानातून उतरणाऱ्यासाठी ती बदलावी असं मी कधीच म्हणणार नाही. शाळेतून परतणाऱ्या मुलीची गाडी माझ्या गाडीपेक्षा गरजेची आहे.

म्हणून मला वाटतं ते वेगळं. उडान योजनेत विमानातल्या ठरावीक जागांचं भाडं मर्यादेत ठेवतात आणि कंपनीला पडणारी तूट तीन वर्षं सरकार भरून देतं. ती मदत विमानतळाच्या फाटकापाशी संपते. स्वस्त तिकिटावर आलेला माणूस फाटकाबाहेर तिकिटाच्या निम्म्याहून अधिक पैसे गाडीला देतो, आणि पुढच्या वेळी रेल्वेनेच येतो. सावंतवाडी-दोडामार्गची माणसं तर २०२३ पासून गोव्याच्या मोपा विमानतळाकडे वळली. तिथे विमानं अधिक, त्यामुळे गाड्याही. इकडे प्रवासी घटले की गाड्या घटतात, आणि गाड्या घटल्या की आणखी प्रवासी तुटतात. २०२४ च्या अखेरीस मुंबईची ती सेवा थांबली. हंगामातलं हवामान आणि इतरही कारणं त्यामागे होती. पण फाटकाबाहेरच्या या पंचवीस किलोमीटरांचाही त्यात वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे.

सेवा पुन्हा सुरू झाली, तर तूट भरण्याच्या त्या मदतीतला एक छोटा भाग जमिनीवर उतरवता येईल. वीस जागांची एक छोटी गाडी, कुडाळ स्टेशन ते चिपी, वेळ घड्याळाची नाही तर विमानाची: विमान उशिरा आलं तर तीही थांबेल, रद्द झालं तर निघणारच नाही. बसने कुडाळला पोचलेला माणूस पुढे मालवणला, कणकवलीला, सावंतवाडीला एसटीने किंवा रेल्वेने सहज जातो. मालवणच्या माणसाला हा फेरा थोडा लांबचा पडेल, ते खरं. आणि पाच-सहा माणसांवरच धावण्याचे दिवसही येतील. त्या दिवसांची तूट कुणी भरायची हे आधीच लिहून ठेवावं लागेल, नाहीतर ही गाडीही पहिल्या पावसाळ्यातच बंद पडेल. परुळ्याच्या चालकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचं भाडं जाईल म्हणून ते नाराज होतील अशी माझी समजूत होती. ते म्हणाले, गाडी सुरू झाली तर विमानाने येणारी माणसं वाढतील, आणि वेंगुर्ल्याची, भोगव्याची, निवतीची भाडी मग त्यांनाच मिळतील.