साडेसहाची वेळ

पुतणीला लंडन आणि डब्लिन, दोन्हीकडून नोकरीची पत्रं आली होती. तिने मला विचारलं आणि मी अ‍ॅस्ट्रोकार्टोग्राफीचा नकाशा काढला. 1970च्या दशकात अमेरिकी ज्योतिषी जिम लुईस यांनी ही पद्धत रूढ केली. जन्मक्षणी कोणता ग्रह कुठे उगवत, मावळत किंवा याम्योत्तरावर होता, त्या रेषा जगाच्या नकाशावर काढायच्या. याम्योत्तरावरच्या गुरूची, म्हणजे दशमातली रेषा करिअरला चांगली, शुक्राची अस्तरेषा नात्यांना, असं मानतात. पुतणीची गुरूची दशमरेषा थेट लंडनवरून जात होती. मी ठामपणे लंडन सांगितलं. तिने डब्लिनला नकार कळवला.

पुढे वहिनींना प्रसूतिगृहाचं टिपण सापडलं. जन्मवेळ सकाळी 6:54. घरात सगळे ‘साडेसहा’च म्हणत आले होते आणि मी कसलीही खातरजमा न करता तेच धरलं होतं. वेळ अशी पूर्ण किंवा अर्ध्या तासाची सांगितली की ती बहुधा अंदाजाची असते, हे मला माहीत होतं. तरी मी विचारलं नाही.

पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. चोवीस मिनिटं म्हणजे सहा अंश. जन्म उशिराचा ठरला की रेषांचं सगळं जाळं पश्चिमेला सरकतं. लंडनच्या अक्षांशावर सहा अंश म्हणजे चारशेहून जास्त किलोमीटर, आणि लंडनपासून पश्चिमेला सहा अंशांवर आहे डब्लिन. मी ज्या रेषेच्या भरवशावर बोललो, ती मी नाकारायला लावलेल्या शहरावर होती.

लंडनची स्थलांतर-कुंडलीही मी चुकवली होती. जन्मस्थळ बदलून लंडन केलं आणि वेळ भारतीयच ठेवली. खरं तर जन्माचा क्षण तोच राहायला हवा. भारतातले 6:54 म्हणजे ग्रीनिचचे पहाटेचे 1:24. बदलतात ते फक्त लग्न आणि भाव. ग्रहांचे अंश मूळ कुंडलीतलेच राहतात. माझ्या कुंडलीत चंद्र मूळपेक्षा सुमारे तीन अंश पुढे होता, म्हणजे साडेपाच तासांची चूक समोर दिसत होती. मी चंद्राकडे पाहिलंच नाही, कारण माझं लक्ष नकाशावरच्या गुरूच्या दशमरेषेवर होतं.

मी पुतणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “काका, पण डब्लिनची जागा तर गेली ना?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. नवी वेळ धरली म्हणून डब्लिन तिला लाभलंच असतं असंही मी म्हणू शकत नाही; रेषेवर राहणाऱ्यांचं भलं होतं याचा पुरावा माझ्याजवळ नाही.

आता कुणी नकाशा मागितला तर आधी जन्माचं टिपण मागतो. ते नसेल तर वेळ पंधरा मिनिटं मागेपुढे करून दोन्ही नकाशे काढतो. यात रेषा जवळजवळ चार अंश इकडे आणि चार अंश तिकडे जाते. त्या पट्ट्यात दोन्ही शहरं येत असतील, तर त्यांतून निवड करायला मी नकार देतो. आणि टिपण हाती असलं तरी नोकरीचं पत्र नाकारण्याचा सल्ला देत नाही.