मुलाखतीला होकार देण्याआधी बढतीचा प्रश्न लेखी विचारा

नागझिऱ्याच्या काठावरच्या कुठल्याही गावात वनरक्षकाच्या नोकरीबद्दल विचारा. वनरक्षकाच्या वर वनपाल आणि वनपालाच्या वर वनक्षेत्रपाल, हे दहावी नापास पोरगाही सांगेल. ज्येष्ठता यादी लागते, गोपनीय अहवाल लिहिला जातो, बिंदुनामावली असते, हे शब्दसुद्धा लोकांना ठाऊक आहेत. ही शिडी सरळ आहे असे आमचे म्हणणे नाही, पण ती कागदावर आहे. कागदावर आहे म्हणूनच तिच्यावर भांडता येते. पदोन्नतीतील आरक्षणाचा 25 मे 2004 चा शासन निर्णय 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवला आणि 7 मे 2021 रोजी सरकारने पदोन्नतीची रिक्त पदे सेवाज्येष्ठतेने भरण्याचा निर्णय काढला. तेव्हा नेमके काय हिरावले जाते आहे, हे आपल्याला तारखेसह दाखवता आले. विरोध करायला हातात कागद होता.

आता त्याच गावातली आपली पोरेपोरी नागपूर, पुणे, हैदराबादच्या खाजगी कंपन्यांत जात आहेत. तिथे शिडी आहे, पण ती बाहेरच्याला दिसत नाही. आत ज्याचा मामा किंवा सिनियर आहे, त्याला फोनवर सगळे कळते: कोणत्या महिन्यात बढत्या होतात, कोणत्या टीममध्ये माणसे वर्षानुवर्षे त्याच जागी बसून राहतात, कुणाच्या हाताखाली जाऊ नये. आपल्या पोरांचा मामा तेंदूपत्ता तोडतो नाहीतर धानाच्या बांधीत असतो. माहितीचे हे नाते जातीच्या नात्याला समांतर चालते, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. म्हणून आमचा आग्रह असा की, जे इतरांना नात्यातून कळते ते आपण लेखी विचारून घ्यावे, आणि तेही मुलाखतीला होकार देण्याआधी.

आधीच का? कारण होकार देईपर्यंत गरज रिक्रूटरची असते, होकार दिल्यावर ती आपली होते. बाहेरच्या कन्सल्टन्सीचा रिक्रूटर असेल तर उमेदवार रुजू झाल्यावरच त्याला कंपनीकडून पैसे मिळतात, आणि ते बहुधा पहिल्या वर्षाच्या पगाराच्या टक्केवारीत. मुलाखतीच्या यादीत नाव घालायची त्याला घाई असते. याच वेळी तो आपला प्रश्न कंपनीच्या एचआरकडे पाठवतो. तीन राउंड होऊन पगाराचा आकडा आल्यावर विचारले, तर घरचे म्हणतात, "आता कशाला खोडा घालतेस बाई."

आणि लेखी का? फोनवर "ग्रोथ खूप आहे" म्हणायला काही लागत नाही. जंगलाच्या बाजूला तर अर्धा कॉल तुटतो, काय ऐकले आणि काय राहिले ते कळत नाही. ईमेलवर उत्तर देताना माणूस एकदा तरी कंपनीचा नियम उघडून बघतो.

प्रश्न पाचच असावेत. पत्र इंग्रजीतच जाईल, पण मजकूर साधारण असा:

"नमस्कार मॅडम, या पदात मला रस आहे. मुलाखतीची वेळ ठरवण्याआधी पुढील माहिती मिळाली तर बरे होईल. हे पद कोणत्या ग्रेडचे आहे आणि त्यापुढची ग्रेड कोणती? बढत्या वर्षातून किती वेळा व कोणत्या महिन्यात होतात, आणि त्या वर्षीच्या विचारासाठी कोणत्या तारखेपर्यंत रुजू झालेले असावे लागते? एका ग्रेडमध्ये किमान किती महिने काढावे लागतात, आणि निर्णय कोण घेते? मागच्या दोन फेऱ्यांत या टीममधल्या याच ग्रेडच्या किती जणांपैकी किती जणांना बढती मिळाली? हे पद कंपनीच्या स्वतःच्या पेरोलवर आहे का? आपल्याकडे ही माहिती नसल्यास कृपया संबंधित मॅनेजरकडे पाठवावी."

यात कुणाचे नाव, कुणाचा पगार, कंपनीचा गोपनीय कागद असे काहीही मागितलेले नाही. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तिसऱ्याच कंपनीच्या पेरोलवर घेतलेल्या माणसाला ज्या कंपनीत तो रोज बसतो तिच्या बढतीच्या फेरीत सहसा धरतच नाहीत. त्याच्यासाठी बाकीचे चार प्रश्न फुकट जातात.

या पत्राचा उपयोग कसा होतो, हे एका उदाहरणातून सांगतो. आमच्या ओळखीची, याच पट्ट्यातली एक मुलगी नागपुरात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये तीन वर्षे काम करत होती. पगार वर्षाला 4 लाख 20 हजार. ऑगस्ट 2024 मध्ये पुण्याच्या एका पदासाठी रिक्रूटरचा निरोप आला, पगार 5 लाख 40 हजार. घरात आनंद झाला. शेवटचा राउंड पुण्यात प्रत्यक्ष होणार होता. गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुणे म्हणजे एक दिवस आणि एक रात्र, येऊन-जाऊन चार दिवसांची रजा. तिने आधी वरचे पत्र पाठवले.

तीन दिवसांनी पहिले उत्तर आले: बढती पूर्णपणे कामगिरीवर अवलंबून आहे, मेहनती माणसाला मर्यादा नाही. हे उत्तर नव्हे. त्यात महिना नाही, मुदत नाही, आकडा नाही. तिने चिडून न जाता तेच प्रश्न क्रमांक घालून पुन्हा पाठवले आणि ते मॅनेजरकडे पाठवण्याची विनंती केली. दुसरे उत्तर नेमके आले. फेरी वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये. 30 सप्टेंबरनंतर रुजू होणाऱ्यांची पगारवाढ त्या एप्रिलला होत नाही. बढतीसाठी 31 मार्च रोजी त्या ग्रेडमध्ये 24 महिने पूर्ण हवेत. टीममध्ये त्या ग्रेडचे आठ जण, मागच्या दोन फेऱ्यांत बढती एकाला. पद कंपनीच्या पेरोलवर.

आता कागद-पेन घेऊन बसता आले. नोटीस पीरियड 60 दिवसांचा, म्हणजे मुलाखती आटोपून रुजू व्हायला नोव्हेंबरचा मध्य उजाडणार. 15 नोव्हेंबर 2024 धरा. एप्रिल 2025 मध्ये पगारवाढही नाही. 31 मार्च 2026 ला साडेसोळा महिने भरतात, म्हणजे पगारवाढ मिळेल, बढतीचा विचार नाही. 31 मार्च 2027 ला साडेअठ्ठावीस महिने, म्हणजे पहिली संधी एप्रिल 2027 मध्ये. तीही संधीच, कारण आठांत एक हा मागचा हिशोब. धावपळ करून 30 सप्टेंबरच्या आत रुजू झाली असती तरी मार्च 2026 ला अठराच महिने झाले असते. पगारवाढ एक वर्ष आधी मिळाली असती, पण बढतीचे वर्ष बदलले नसते. त्यामुळे नोटीस पीरियडचे पैसे भरून लवकर सुटण्यात फारसा अर्थ नव्हता, हेही याच हिशोबातून कळले. उलट नागपुरात तिची तीन वर्षे भरली होती आणि तिथल्या पुढच्याच फेरीत तिचा विचार होणार होता.

हे कळल्यावर तिने नकार दिला नाही. तिने दोन गोष्टी विचारल्या. तीन वर्षांचा अनुभव धरून वरच्या ग्रेडवर मुलाखत होईल का? उत्तर आले, मंजूर जागा खालच्याच ग्रेडची आहे. मग बढतीची पहिली शक्यता एप्रिल 2027 मध्ये असेल, तर सुरुवातीचा पगार 6 लाख होईल का? कंपनी 5 लाख 80 हजारांपर्यंत तयार झाली. मग ती मुलाखतीला गेली आणि पुढे रुजूही झाली. दुसऱ्या एखादीने नागपुरातच थांबून बढती घेतली असती, तर तेही आम्ही बरोबर म्हटले असते. दोन्हीकडे काय मिळते आणि काय सुटते, हे गाडीत बसण्याआधी माहीत असणे महत्त्वाचे.

सगळी उत्तरे अशी नेमकी येत नाहीत. "टीम नवीन आहे, मागचे आकडे नाहीत" हे उत्तर खरे असू शकते. मग कंपनीच्या ग्रेडचा नियम विचारावा, तो टीमच्या आधीपासून असतो. "मॅनेजर मुलाखतीत सांगतील" यालाही हरकत नाही, फक्त कोणत्या राउंडला ते विचारून घ्यावे आणि त्या दिवशी संध्याकाळी ऐकलेले ईमेलने लिहून पाठवावे: "आज आपण असे सांगितले, माझी समजूत बरोबर आहे ना?" पगारवाढीची तारीख सांगून बढतीबद्दल गप्प राहणारे उत्तर आले, तर दोन्ही एकच नाहीत हे लक्षात ठेवा. पगारवाढीत त्याच ग्रेडवर चार पैसे वाढतात, बढतीत ग्रेड बदलते. चार कामाच्या दिवसांत उत्तर नाही आले तर एकच आठवण करावी. त्यानंतरचे मौन हेसुद्धा उत्तरच.

या कागदाच्या मर्यादाही सांगतो. रिक्रूटरचा ईमेल म्हणजे करार नव्हे. उद्या कंपनीने नियम बदलला तर तो दाखवून बढती मिळणार नाही. म्हणून निदान ग्रेडचे नाव ऑफर लेटरमध्ये आले आहे का, ते सही करण्याआधी पाहावे. पत्रात एक ग्रेड आणि लेटरमध्ये खालची, असे झाले तर तो ईमेल तिथे कामाला येतो. नुकत्याच पास झालेल्या, कॅम्पसमधून निघालेल्या मुलांनी पाचही प्रश्न विचारू नयेत. ग्रेड आणि पेरोल, हे दोन पुरे. आणि काही रिक्रूटर प्रश्न बघून नाव वगळतील, हेही खरे. घरात चूल पेटायची पंचाईत असेल तेव्हा आधी नोकरी धरावी, प्रश्न रुजू झाल्यावर विचारावेत.

"एवढे विचारले तर उद्धट समजतील", ही भीती आम्ही प्रत्येक शिबिरात ऐकतो. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी 2007 मध्ये कंपन्यांच्या एचआर मॅनेजरांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. गुणवत्तेची भाषा बोलणारे हे मॅनेजर उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी मात्र आवर्जून विचारत होते. वडील काय करतात, घर कुठले, भाऊ-बहिणी काय शिकल्या. हे विचारताना त्यांना संकोच वाटत नव्हता. मग तुमच्या टीममधल्या आठांपैकी किती जण वर गेले, एवढेच विचारताना आपण का संकोचावे?

बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, 1946 मध्ये स्थायी आदेशांचा कायदा झाला. कामाच्या अटी मालकाने स्पष्ट लिहून काढाव्यात, त्या प्रमाणित करून घ्याव्यात आणि कामगारांना दिसतील अशा लावाव्यात, हा त्याचा गाभा. कामाच्या पाळ्या, रजा, कामावरून काढणे हे विषय त्या मूळ यादीत होते, बढती नव्हती. ती जागा खाजगी नोकरीत बहुतेक ठिकाणी अजून रिकामीच आहे. तिथे कायदा येईल तेव्हा येईल. तोवर पाच ओळींचा ईमेल प्रत्येकाच्या हातात आहे. आणि आलेली उत्तरे आपापल्या गावातल्या अभ्यासिकेच्या वहीत कंपनीचे नाव, ग्रेड, महिना, मुदत अशी उतरवून ठेवा. पुढच्या पोराला मामा नसेल, पण वही असेल.