दोनदा सारखं आलं, तरच पडद्यावर

हळर्णच्या किल्ल्यावर कुणी बोलायला उभं राहिलं की सावंतवाडीचे भोसले येतात, 1746 साल येतं, आणि हा किल्ला घेतला म्हणून पुढे ज्याला ‘मार्किश द अलोर्ना’ हा किताब मिळाला तो पोर्तुगीज व्हाइसरॉयही येतो. वक्ता हे सगळं एका दमात सांगून पुढे जातो. देवळाच्या मंडपात बसलेल्या, कमी ऐकू येणाऱ्या मंडळींसाठी तेच बोलणं लगोलग टीव्हीवर अक्षरांत दाखवणं हे माझं काम. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर थेट लॅपटॉपला जोडायची. मंडपात वेगळा माइक ठेवला तर पंख्यांचाही आवाज त्यात येतो.

मी व्हिस्पर हे मॉडेल वापरतो. ते 2022 साली सगळ्यांसाठी खुलं झालं आणि त्याला मराठी येतं, पण ते थेट बोलण्यासाठी बनवलेलं नाही. तीस-तीस सेकंदांचा आवाज एकदम ऐकायची त्याला सवय. म्हणून साठत जाणारा आवाज दर सेकंदाला पुन्हा पहिल्यापासून त्याला ऐकवावा लागतो, आणि दर वेळी ते नवा मजकूर देतं. अडचण शेवटच्या शब्दांची असते, कारण आवाज मध्येच तुटलेला असतो. ‘सन सतराशे शेहेचाळीसमध्ये’ हे बोलणं अर्ध्यावर कापलं तर पहिल्या फेरीत ‘सन 1700’ येतं, पुढच्या फेरीत ‘सन 1740’, मग ‘सन 1746 मध्ये’. हे आलं तसं दाखवलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर साल तीनदा बदलतं, आणि खरं कुठलं ते त्याला कळत नाही.

यावरचा उपाय सोपा आहे. लागोपाठच्या दोन फेऱ्यांचा मजकूर सुरुवातीपासून ताडून पाहायचा. जिथपर्यंत जुळतो तेवढाच पडद्यावर सोडायचा आणि सोडलेला परत घ्यायचा नाही. वरच्या उदाहरणात ‘सन’ दुसऱ्याच फेरीत जातो, आकडा मात्र 1746 दोनदा आल्याशिवाय हलत नाही. याची किंमत म्हणजे उशीर. प्रत्येक शब्दाला निदान एक फेरी जास्त थांबावं लागतं आणि त्यात लॅपटॉपचा वेळ मिळवायचा. देवनागरीत हा वेळ आणखी वाढतो, कारण हे मॉडेल आपल्या अक्षरांचे इंग्रजीपेक्षा बरेच जास्त तुकडे करतं आणि एकेक तुकडा ओळीने लिहितं. दोन फेऱ्यांमधलं अंतर ठरवणारा `--min-chunk-size` 1 सेकंदावरून 2 केला की मजकूर शांतपणे येतो, पण वक्त्याच्या विनोदावर मंडप हसून झाल्यावर पहिल्या रांगेतले आजोबा हसतात. व्याख्यानात मला ते चालतं. ओठ बघून समजून घेणाऱ्यांना मात्र चालत नाही. अक्षरं आणि ओठ फार लांब गेले की ते टीव्हीकडे बघायचंच सोडतात.

वाट पाहून नावं मात्र सुधरत नाहीत, हे समजायला मला वेळ लागला. ‘हळर्ण’ ऐकून मॉडेलने पहिल्यांदा ‘हरण’ लिहिलं तर दुसऱ्यांदाही ते ‘हरण’च लिहितं. दोन फेऱ्या जुळल्या, शब्द पडद्यावर गेला, आणि चुकीचाच गेला. तुटलेल्या आवाजाची चूक थांबल्याने जाते. न ऐकलेल्या नावाची जात नाही. म्हणून आदल्या दिवशी वक्त्याकडून नावं मागून घ्यायची आणि `initial_prompt` मध्ये एका सरळ वाक्यात घालायची: हळर्ण, पेडणे, इब्रामपूर, मार्किश द अलोर्ना. तिथे जागा जेमतेम सव्वादोनशे तुकड्यांची, त्यामुळे मराठी नावांनी ती पटकन भरते. ज्या नावांवाचून व्याख्यान कळणार नाही तेवढीच घ्यावीत. काहीजण नंतर शोधून बदलायची यादी लावतात, ‘हरण’ दिसलं की ‘हळर्ण’. पेडण्यात हे जपून करावं. इथे वक्ता किल्ल्यावरून दशावतारावर कधी जाईल सांगता येत नाही, आणि मग सीतेचं ‘हळर्ण’ होतं.

वक्ता पाणी प्यायला थांबला तरी लक्ष ठेवावं लागतं. नुसत्या शांततेतही हे मॉडेल कुणी न बोललेली वाक्यं लिहून मोकळं होतं. बोलणं चालू आहे की नाही ते ओळखणारी गाळणी आधी लावली की बहुतेक वेळा हे थांबतं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली की मी `--min-chunk-size` परत 1 वर आणतो. इथे थोडी चूक परवडते, उशीर परवडत नाही. प्रश्न वाचून होईपर्यंत उत्तर संपलेलं असेल तर त्या माणसाला मध्ये बोलायची संधीच मिळत नाही. पण हळर्णात प्रश्न बहुधा कोंकणीतून येतो, आणि व्हिस्परच्या भाषांच्या यादीत कोंकणी नाही. भाषा मराठी ठेवून ऐकवलं तर ते कोंकणीला मराठीच्या साच्यात बसवतं, वाक्य नीटनेटकं दिसतं आणि अर्थ भलताच निघतो. तेवढ्यापुरतं मी यंत्र बंद करतो आणि प्रश्नाचा गोषवारा एका ओळीत हाताने टाइप करतो. ‘किल्ल्याची डागडुजी कोण करतं, असं विचारतायत.’ वक्ता उत्तर द्यायला मराठीत वळला की पुन्हा चालू.