कूलर बंद झाल्यावर

परभणीत वरच्या मजल्यावरचा एक हॉल आम्ही काही जणांनी मिळून भाड्याने घेतला, तेव्हा 'को-वर्किंग' हा शब्द आमच्यापैकी कुणी वापरला नव्हता. कुणी भाषांतरकार, कुणी मुद्रितशोधक, कुणी प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणाशी झुंजणारे. जागा कुणाचीच ठरलेली नव्हती; येणाऱ्याने मोकळ्या खुर्चीत बसावे. कोपऱ्यात सर्वांचा मिळून चहाचा ओटा.

उन्हाळा सुरळीत गेला. पाऊस पडला, कूलर बंद झाला, आणि आमची शांतता इतके दिवस कूलरच सांभाळत होता हे तेव्हा उमगले. त्याच्या घरघरीत बुडणारे ओट्याजवळचे बोलणे आता सर्वत्र पोचू लागले. मुद्रिते वाचणाऱ्या मैत्रिणीच्या नजरेतून एक अख्खी गाळलेली ओळ निसटली. तिने जागा सोडायचे ठरवले.

आम्हांला वाटले, दोष घुमण्याचा आहे. हॉल १० मीटर लांब, ६ रुंद, ३ उंच. सिमेंटचा गिलावा आणि फरशी. टाळी वाजवली की नाद रेंगाळे. सॅबाइन या भौतिकशास्त्रज्ञाने १८९५ पासून हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात खुर्च्यांच्या गाद्या आणून टाकत याच दोषाचा अभ्यास केला होता. त्याच्या सूत्राने आमच्या हॉलमध्ये नाद विरायला सुमारे २ सेकंद लागत होते. आम्ही कापसाच्या दोन इंच जाडीच्या गाद्या भरवून घेतल्या आणि विजेच्या बटणांपासून दूर, ३० चौरस मीटर भिंतीवर बसवल्या. हिशेबाने काळ पाऊण सेकंदाच्या आसपास आला. टाळी कोरडी वाजू लागली.

आणि ओट्यावरचे बोलणे अधिकच स्पष्ट झाले! आवाज थोडा उतरला होता, पण अक्षरांवर अक्षरे चढवणारा घुमारा गेल्यामुळे वाक्ये सुटी, नितळ ऐकू येत होती. वाचणाऱ्याला आवाजापेक्षा अर्थ अधिक छळतो. कूलर कितीही घरघरला तरी तो वाक्य बोलत नाही. गाद्या नाद शोषतात, शब्द अडवत नाहीत. त्याला आड भिंत लागते.

मग ओटा दाराबाहेरच्या गच्चीलगतच्या व्हरांड्यात नेला. तरी कुजबुज येतच होती. दिवा मालवून पाहिले तेव्हा दाराखालून प्रकाशाची रेघ दिसली. जिथून उजेड येतो तिथून आवाजही येतो. तिथे रबराची पट्टी लावली. दारापासून सर्वांत दूरची चार टेबले निःशब्द ठरवली, बाकीच्या खुर्च्या पूर्वीसारख्याच फिरत्या ठेवल्या.

मैत्रीण परत आली. दूरच्या टेबलावर तासभर वाचते आणि मग स्वतःच दार उघडून व्हरांड्यात येते. बोलणे तिलाही हवेच होते. फक्त ते केव्हा ऐकायचे, हे तिला ठरवायचे होते.